दोनदा कापलेल्या हप्त्याची पोच

माझं डोकं लवकर फिरतं, हे आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. पण त्या सकाळी बँकेचे दोन मेसेज लागोपाठ आले तेव्हा मी ओरडले नाही, काही नाही. गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसले. पहिला मेसेज होता आरोग्य विम्याचा वर्षाचा हप्ता गेल्याचा, चव्वेचाळीस हजार सातशे बारा रुपये. तो जाणारच होता, त्याची मी वाटच बघत होते. दुसरा मेसेज तेवढ्याच रकमेचा, त्याच कंपनीला, सात मिनिटांनी. आधी वाटलं मेसेजच दोनदा आला असेल. म्हणून फोनवर बँकेचं खातं उघडून बघितलं. शिल्लक तीन हजार दोनशे.

ते दुसरे पैसे कशाचे होते हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. माझा उजवा गुडघा पार झिजलेला. हाडाला हाड घासतंय, असं डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो दिव्यासमोर धरून दाखवलेलं. सांधा बदलायचा म्हणजे काही लाखांचं काम, आणि तेव्हा आमच्याकडे विमाच नव्हता. मग घेतला. गुडघ्याचं दुखणं फॉर्मवर आधीच लिहिलं, पण अशा जुन्या दुखण्याला आणि सांध्याच्या ऑपरेशनला ही कंपनी पहिली दोन वर्षं पैसे देत नाही. दोन वर्षं सलग पॉलिसी चालू ठेवायची, मध्ये एकदाही खंड पडू द्यायचा नाही, मग तिसऱ्या वर्षापासून खर्च मिळतो. ती दोन वर्षं मी काढली. जिने बसत बसत उतरले. विहारात वंदनेला बायका खाली बसायच्या, मी एकटी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. आता तिसऱ्या वर्षाचा हप्ता भरला की साडेतीन आठवड्यांनी ऑपरेशन, अशी तारीख घेऊन ठेवलेली. हॉस्पिटलने सांगितलेलं, कंपनीची मंजुरी आली तरी भरती होताना चाळीस हजार डिपॉझिट भरावं लागेल, शेवटचं बिल मंजूर झालं की परत मिळेल. ते चाळीस हजार मी सहा महिने बाजूला काढत होते. ते त्या सात मिनिटांत गेले.

आमचे हे तेव्हा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. मी हाक मारली, फोन पुढे केला. त्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहराच उतरला. मला वाटलं, पैसे गेले म्हणून. पण ते हळूच म्हणाले, "अगं, एक माझ्याकडून झालंय."

झालं होतं ते असं. यांच्या फोनवर चार महिन्यांपूर्वी विमा कंपनीचा मेसेज आलेला, की ऑटोपे चालू करा, हप्ता चुकणार नाही. पॉलिसीवर नंबर यांचाच दिलेला आहे. यांनी ती लिंक दाबली, आमचं दोघांचं मिळून असलेलं खातं निवडलं, पिन टाकला आणि मोकळे झाले. मला बोलले नाहीत. कारण यांची ख्यातीच तशी आहे. आयुष्यभर ठाण्याला कोलशेतच्या कारखान्यात फिटर होते, मशीनचा एक नट विसरले नाहीत, पण घरचं लाइट बिल, स्कूटरचा विमा, गॅसचा नंबर, सगळं विसरणार आणि मी बोलणार. एकदा तरी आपण होऊन लक्षात ठेवलं, असं त्यांना मला दाखवायचं होतं. हप्त्याच्या आदल्या दिवशी त्यांच्या फोनवर उद्या पैसे कापले जातील असा मेसेजही आलेला. तो वाचून गडी दिवसभर खुशीत होता. मला वाटलेलं क्रिकेट जिंकलं असेल.

आता माझं ऐका. दोन वर्षांपूर्वी पॉलिसी घेतली तेव्हाच मी बँकेचा कागदी फॉर्म भरून कंपनीला दिलेला. दर वर्षी हप्ता या खात्यातून कापून घ्या, खाली माझी सही. मागच्या वर्षीचा हप्ता त्याच फॉर्मवर गेला. हे मी यांना सांगितलंच नव्हतं. सांगून काय उपयोग, विसरणारच, असं मला वाटायचं. म्हणजे एका पॉलिसीवर दोन परवानग्या, एक माझी, एक यांची. दोघांनी एकाच काळजीने दिलेल्या आणि दोघांनी एकमेकांपासून गुपचूप.

मी त्यांच्यावर चिडले का? चिडले. चांगला अर्धा तास चिडले. मग चहा केला, दोन कप.

आधी बँकेत गेले. मानपाडा रोडवरची शाखा, चालत दहा मिनिटांची, मला पंचवीस लागली. तिथल्या बाईने दोन्ही नोंदी बघितल्या आणि सांगितलं, दोन्ही परवानग्या खऱ्या आहेत, पैसे कंपनीच्या खात्यात पोचलेत, आम्हाला परत खेचता येत नाहीत. कंपनीकडून मागा. बरोबरच बोलली ती. पण जाता जाता तिने एक कामाची गोष्ट सांगितली. रागाच्या भरात दोन्ही परवानग्या रद्द करू नका, एक ठेवा. आणि कोणते पैसे पॉलिसीला लावायचे ते कंपनीला लिहून कळवा, नाहीतर ते भलतेच परत करतील. भलतेच परत केले आणि हप्ता भरलाच नाही असं कुठे धरलं गेलं, तर माझी दोन वर्षं पाण्यात जायची. पैसे काय, कधी ना कधी येतील. दोन वर्षं परत जिने बसत बसत उतरायचे, ते मला जमलं नसतं.

मग कंपनीला फोन केला. मराठीसाठी दोन दाबा, पॉलिसी नंबर टाका, मग गाणं, मग पुन्हा तेच गाणं. शेवटी एक मुलगा आला. गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, काळजी करू नका. जास्तीची रक्कम तुमच्या पुढच्या वर्षीच्या हप्त्यात जमा होईल."

"मला पुढच्या वर्षी नको, आत्ता हवी."

"सिस्टीममध्ये तसंच दाखवतंय, मॅडम. दोन्ही ऑटोपे तुमच्याच संमतीने आहेत ना."

ईमेल केला. उलट उत्तर मिनिटाभरात आलं, तुमची तक्रार आमच्यासाठी मोलाची आहे, हा तुमचा तक्रार क्रमांक. त्यानंतर सहा दिवस काही नाही. त्या सहा दिवसांत आमच्या घरात एक वेगळंच चालू झालं.

हे म्हणाले, "जाऊ दे ना. पुढच्या वर्षी तर पुढच्या वर्षी. आत्ता त्यांच्याशी वाकडं नको घेऊस."

"का नको?"

"अगं, ऑपरेशन मंजूर कोण करणार आहे? तेच ना? तू तक्रार करशील, त्यांनी डोक्यात ठेवलं तर? हा कागद आणा, तो कागद आणा, करत बसतील. नाहीतर सरळ नाही म्हणतील."

हे एकटेच म्हणत होते असं नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, माझी मुलगी फोनवरून म्हणाली. मुलगी नुकतीच बाळंत झालेली, तिच्या घरी आधीच ओढाताण, तरी म्हणाली, आई, मी कुठून तरी देते, पण आत्ता भांडू नको. कुणाकडे मागितले असते तर चाळीस हजार मिळालेही असते. पण माझेच साठवलेले पैसे एका कंपनीकडे निवांत पडलेले असताना मी बाळंतिणीपुढे हात पसरायचा, हे माझ्या बुद्धीला पटेना. तारीख पुढे ढकलावी तर डॉक्टरांची पुढची तारीख तीन महिन्यांनी. आणि घाबरून गप्प बसायचं, तेही ज्यांना मी वेळच्या वेळी हप्ता भरते त्यांना घाबरून, हे तर मुळीच पटेना. यांना सांगितलं, मी पत्र लिहिणार आहे. कागदावर. आणि ठाण्याच्या ऑफिसात जाऊन हातात देणार आहे. हे उठले. गॅलरीत जाऊन उगाच कुंड्या इकडच्या तिकडे करत बसले.

कागदाचं माझं वेड उगाच नाही. सत्तावीस वर्षं मी इथल्याच औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कंपनीत आवक-जावक टेबल सांभाळलं. आलेला प्रत्येक कागद माझ्या हातातून जायचा. त्यावर शिक्का, तारीख, आवक क्रमांक, माझी छोटी सही, मग रजिस्टरला नोंद, मग तो कागद आत जायचा. साहेब लोक येत होते, जात होते, पण कोणी म्हणालं, आम्ही पत्र दिलेलं, तर सगळे माझ्याकडे बघायचे. माझ्या रजिस्टरला नंबर असेल तर पत्र आलं. नसेल तर आलं नाही, मग देणारा कितीही शपथा घेऊ दे. मेलचा तो आपोआप आलेला क्रमांक मला पटत नव्हता तो म्हणूनच. त्याच्यामागे कोणी माणूस सही करून बसलेला नव्हता.

पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पहिला मसुदा मी फाडला. त्यात मी लिहिलेलं, आपल्या कंपनीने बेजबाबदारपणे दोनदा रक्कम कापली. वाचायला झकास वाटत होतं. पण आवकच्या टेबलावर बसून मी असली पत्रं खूप बघितलेली. ज्याची बाजू अर्धी कच्ची असते तो पहिल्या ओळीपासून ओरडतो, आणि आतला माणूस नेमकी ती कच्ची बाजू पकडून उत्तर देतो. आमची कच्ची बाजू मला माहीत होती. मग ती आपणच आधी सांगितलेली बरी.

दुसरा मसुदा लिहिताना हे समोर बसलेले. मी मोठ्याने वाचत होते. "सदर पॉलिसीसाठी बँकेमार्फत हप्ता वळता करण्याची परवानगी आधीपासून चालू असताना माझ्या पतींनी..."

"तसं नको ना लिहूस," हे म्हणाले. एवढंच म्हणाले, पण मान खाली घालून.

मी पेन थांबवलं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लक्षात ठेवलेलं आणि मी ते कंपनीच्या दप्तरात चूक म्हणून लावायला निघालेले. खरं बघितलं तर न सांगण्याची चूक माझीही होती. मी ते खोडलं आणि लिहिलं ते असं:

"सदर पॉलिसीचा हप्ता चुकू नये म्हणून आम्ही पती-पत्नीने एकमेकांना न सांगता दोन वेगवेगळ्या परवानग्या दिल्या, एक बँकेच्या फॉर्मवर आणि एक फोनवरील ऑटोपेद्वारे. ही आमची चूक आहे. परंतु एका वर्षाचा हप्ता एकच असतो आणि तो आपणांस मिळाला आहे. दुसरी रक्कम कोणत्याही हप्त्याची नाही, त्यामुळे ती आपणांकडे राहण्याचे कारण नाही. पुढील वर्षीच्या हप्त्यात ती जमा करण्यास माझी संमती नाही."

त्याखाली कामाचं. बँकेच्या फॉर्मवरून गेलेली रक्कम हीच या वर्षीचा हप्ता म्हणून कायम ठेवावी, फोनच्या ऑटोपेवरून गेलेली रक्कम ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करावी, पॉलिसीत खंड पडलेला नाही असं लेखी कळवावं. दोन्ही व्यवहारांचे क्रमांक. फोनवरचं ऑटोपे आम्ही रद्द केल्याचा पुरावा. सोबत खात्याचा उतारा, रद्द केलेला चेक, ओळखपत्राची प्रत. शेवटी एक ओळ, की ठरलेल्या मुदतीत उत्तर न आल्यास कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे आणि तिथेही न झाल्यास विमा लोकपालांकडे जाईन. ती ओळ धमकी वाटू नये म्हणून मी ती सगळ्यात साध्या अक्षरात लिहिली. ऑपरेशनचं मुद्दामच लिहिलं नाही. पैसे माझे आहेत म्हणून हवेत, गुडघा दुखतो म्हणून दया नको.

ठाण्याला रेल्वेने गेले असते तर पुलाचे जिने चढावे लागले असते. म्हणून शेअर रिक्षाने शीळफाट्यापर्यंत, तिथून बस. हे सोबत येतो म्हणाले. मी नको म्हटलं. हे आले असते तर काउंटरवर आधी माफी मागितली असती.

विमा कंपनीचं ऑफिस काचेचं, गार, बसायला निळ्या खुर्च्या. काउंटरवरच्या मुलीने पत्र घेतलं, वरवर बघितलं. "आंटी, मेल केलाय ना? मग पत्राची काही गरज नाही."

"मला द्यायचंय. आणि माझ्या प्रतीवर पोच हवी."

"आमच्याकडे तसा शिक्का नसतो, आंटी. आता सगळं ऑनलाइन असतं."

मी तिच्या टेबलाकडे बघितलं. सत्तावीस वर्षांची नजर आहे, ती कुठे जाते. स्टेपलरच्या मागे शाईचं पॅड, त्यावर पालथा ठेवलेला शिक्का. पाच मिनिटांपूर्वीच कुरिअरवाल्याच्या कागदावर तिने तो मारलेला, शाई अजून ओली होती.

"कुरिअरवाल्याला मारलात तोच चालेल मला," मी म्हटलं.

ती ओशाळली, पण हटली नाही. साहेबांना विचारावं लागेल, साहेब जेवायला गेलेत. मी म्हटलं, येऊ देत. आणि निळ्या खुर्चीवर बसले. गुडघा ठणकत होता. पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच ठरवलेलं. सव्वा तास बसले. मधून ती मुलगी माझ्याकडे बघायची, मी तिच्याकडे बघायची. शेवटी तिनेच उठून मला पाणी आणून दिलं. वाईट नव्हती पोरगी, तिला कोणी कधी शिकवलंच नव्हतं की पोच देणं हा देणाऱ्याचा हक्क असतो.

साहेब आले. माझ्या जावयाच्या वयाचा मुलगा. त्याने मला आत बोलावलं, पत्र हातात घेतलं आणि आधी हेच म्हणाला, "मॅडम, शिक्का मारला की मग आम्ही बांधले जातो ना."

"म्हणूनच हवाय," मी म्हटलं.

त्याला हसू आलं, ते त्याने आवरलं. मग पत्र वाचायला लागला. पहिल्या परिच्छेदावर थांबला आणि पुन्हा वाचलं. म्हणाला, "इथे येणारा प्रत्येक जण म्हणतो कंपनीने लुटलं. तुम्ही स्वतःच लिहिलंय की तुमची चूक."

"चूक झाली ती परवानगीची. पैसे ठेवून घेण्याची चूक आम्ही केलेली नाही."

त्याने कॉम्प्युटरवर बघितलं, दोन्ही नोंदी समोरासमोर दिसत होत्या, रक्कम तीच, दिवस तोच. म्हणाला, एका पॉलिसीवर दोन परवानग्या चालू राहिल्या हे खरं तर आमच्याकडेही अडायला हवं होतं. मी हे वरच्या ऑफिसला पाठवतो, परतीचा निर्णय तिथे होतो, माझ्या हातात नाही. खरं बोलला म्हणून मला तो आवडला. मग त्याने मुलीला हाक मारली. शिक्का आला. तारीख, सही, आवक क्रमांक. मी म्हटलं, रजिस्टरला चढवा. त्याने चढवला, आणि मी तो समोरून उलटा वाचून खात्री केली.

बसमध्ये बसल्यावर मी ती प्रत पुन्हा काढून बघितली. आवक क्रमांक एकशे अठरा. घरी आल्यावर यांना दाखवली. यांनी चष्मा लावून ती पुन्हा पुन्हा वाचली, शिक्क्यावर बोट फिरवलं. मग म्हणाले, "रागावले का ते?"

"कोण?"

"साहेब."

"नाही रागावले. तिथल्या पोरीने पाणीसुद्धा दिलं मला."

यांना ते खरं वाटलं नाही, चेहऱ्यावर दिसत होतं. दोन दिवसांनी हे सकाळीच तयार झाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. म्हणाले, कोलशेतला जाऊन येतो, कारखान्यातल्या जुन्या मित्राची तब्येत बरी नाही. मी म्हटलं, जा. संध्याकाळी दमून आले. मित्राला काय झालंय विचारलं तर म्हणाले, आता बरंय. मी पुढे विचारलं नाही, माझ्या डोक्यात हॉस्पिटलचे कागद होते.

पत्र देऊन आठ दिवस झाले तेव्हा कंपनीच्या तक्रार विभागातून एका बाईचा फोन आला. व्यवस्थित मराठी बोलत होती. म्हणाली, "तुमची दोन्ही पत्रं मिळाली. रक्कम परत करायला मंजुरी झालीय, कामाच्या पाच दिवसांत खात्यात येईल. पॉलिसी चालू असल्याचं पत्र मेलवर पाठवतेय." मला वाटलं, दोन्ही म्हणजे मेल आणि पत्र. मी पाच दिवस बोटांवर मोजले. भरतीच्या आदल्या दिवशी संपत होते.

हॉस्पिटलने मंजुरीचे कागद भरतीच्या चार दिवस आधी पाठवले. दुसऱ्या दिवशी कंपनीकडून प्रश्न आला, की गुडघ्यासाठी पहिल्यांदा कधी दाखवलं त्याचा कागद द्या. यांनी ते ऐकलं. "मी म्हणत होतो," म्हणाले, "मी म्हणत होतो ना तुला." मी तो कागद काढून दिला. माझ्याकडे असतोच, फाइलला लावलेला. हॉस्पिटलच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला, हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. मंजुरी देणारं ऑफिस वेगळं, पैसे परत करणारं वेगळं, त्यांना एकमेकांचं नावही माहीत नसतं. संध्याकाळी मंजुरी आली. तरी हे मंजुरीचा मेसेज सारखा उघडून बघत होते. भरतीच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला, चव्वेचाळीस हजार सातशे बारा जमा. तेव्हा कुठे यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी डिपॉझिट माझ्याच पैशातून भरलं, पावती घेतली.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वॉकर देऊन उभं केलं. रोज दहा-बारा पावलं चालवायचे, पलंगापासून खिडकीपर्यंत. मी दात आवळून चालायची.

घरी सोडायच्या दिवशी शेवटच्या मंजुरीची वाट बघत होतो. हे खाली औषधं आणायला गेलेले. सिस्टर आली, पॉलिसीचा कागद मागितला. मी उशाशी ठेवलेली प्लॅस्टिकची फाइल उघडली. ती फाइल माझी, तिच्यात कुठला कागद कुठे आहे मला डोळे झाकून माहीत. माझ्या पत्राच्या मागे एक कागद जास्तीचा निघाला. यांचं अक्षर. कोपऱ्यात तोच शिक्का, आवक क्रमांक एकशे एकतीस, आणि तारीख माझ्यानंतर दोन दिवसांची. कोलशेतच्या मित्राची तब्येत बरी नव्हती त्या दिवसाची.

"साहेब, माझ्या बायकोने आपल्याकडे पत्र दिले आहे. त्यात आम्ही दोघांनी चूक केली असे तिने लिहिले आहे, ते बरोबर नाही. चूक माझी एकट्याची आहे. फोनवर मी बटण दाबले आणि तिला सांगितले नाही. ती बोलायला कडक आहे पण तिचा हिशोब बरोबर असतो. आपल्याला रागवायचे असेल तर माझ्यावर रागवावे, पैसे नाही दिले तरी चालेल, पण तिच्या ऑपरेशनला अडवू नये. दोन वर्षे ती जिना बसून उतरते. मी पुढे उभा राहतो आणि मला काही करता येत नाही."

खाली सही, पूर्ण नाव, आणि 'सोबत जोडलेली कागदपत्रे' या शब्दांपुढे लिहिलेलं, 'काही नाही'. पोच मात्र घेतलेली. पोच नाही तर पत्र दिलंच नाही असं मी म्हणणार, हे त्यांना माहीत होतं. आणि दाखवायची हिंमत झाली नाही, म्हणून माझ्याच फाइलला, क्रमाने, माझ्या पत्राच्या मागे लावून ठेवलेली. ते पत्र वाचून माझ्या गुडघ्याच्या मंजुरीत काडीचाही फरक पडलेला नसणार, हे मला माहीत आहे. त्यांनाही आता माहीत असेल.

सिस्टर अजून पॉलिसीच्या कागदासाठी थांबलेली. तो मी तिला दिला. मग वॉकर जवळ ओढला.

"कुठे निघालात? अजून फिजिओ यायचेत," ती म्हणाली.

"लिफ्टपर्यंत," मी म्हटलं. "आमचे हे वर येतायत."

खिडकीपेक्षा ते तिप्पट लांब होतं. सिस्टर सोबत चालत होती, मी थांबत थांबत गेले, पण गेले. लिफ्टचं दार उघडलं, हातात औषधांची पिशवी घेऊन हे बाहेर आले आणि मला समोर उभी बघून तिथेच थबकले.